कॉस्ट शीट कशी मांडावी: लोखंडी कपाटांच्या एका कारखान्याचा महिन्याचा पूर्ण हिशोब

कॉस्ट शीटमध्ये चार बेरजा येतात: प्राइम कॉस्ट, फॅक्टरी कॉस्ट, कॉस्ट ऑफ प्रॉडक्शन आणि कॉस्ट ऑफ सेल्स. कॉमर्सचे विद्यार्थी त्या क्रमाने पाठ करतात, आणि छोटे कारखानदार बहुतेक वेळा थेट शेवटच्या बेरजेवर उडी मारतात. पण सगळा खर्च एकदाच जोडून का टाकत नाहीत, हे कळलं की पाठ करायला फारसं उरत नाही.

माल कारखान्यात तीन ठिकाणी थांबतो. काही माल गोडाऊनमध्ये कच्चाच पडून असतो, काही अर्धवट अवस्थेत मशीनजवळ उभा असतो आणि काही तयार होऊन गिऱ्हाइकाची वाट पाहत असतो. या थांबलेल्या मालावर तोवर जेवढा खर्च झाला, तेवढाच त्याच्यासोबत पुढच्या महिन्यात जायला हवा. म्हणून प्रत्येक टप्प्यावर थोडं थांबायचं, तिथला शिल्लक माल वजा करायचा आणि पुढे जायचं. कच्च्या मालाचा साठा पहिल्या टप्प्यात, अर्धवट माल फॅक्टरी कॉस्टमध्ये आणि तयार माल कॉस्ट ऑफ प्रॉडक्शननंतर. कुठला साठा कुठे, एवढं पक्कं झालं की मांडणी सहसा चुकत नाही.

उदाहरणासाठी साडेसहा फुटी लोखंडी कपाटं बनवणारा एक लहान कारखाना घेऊ. एमआयडीसीत भाड्याची शेड, पत्रा कापायचं शिअरिंग मशीन, वाकवायला प्रेस ब्रेक आणि स्पॉट वेल्डिंगची दोन मशीन. पावडर कोटिंग बाहेरून करून आणतात. एकच आकार, एकच मॉडेल. आकडे समजावण्यासाठी मी बांधलेले आहेत. तुमच्याकडचे भाव वेगळे असतील, पण रीत हीच राहील.

आधी नगांचा आणि किलोंचा हिशोब

रुपयांना हात लावण्याआधी मी नेहमी नग आणि वजन जुळवून घेतो. महिन्याच्या सुरुवातीला ४० तयार कपाटं शिल्लक होती, महिन्यात ३०० तयार झाली आणि अखेरीस ३० उरली. म्हणजे विकली गेली ३१०. विक्रीच्या बिलांतली संख्या ३१० नसेल तर पुढे जाऊच नये. एखादं कपाट नमुना म्हणून दुकानात ठेवलेलं असतं, एखादं परत आलेलं असतं, त्याचा छडा आधी लावायचा.

पत्र्याचंही तसंच. सुरुवातीचा साठा ४,००० किलो, खरेदी २०,००० किलो, अखेरचा साठा ३,००० किलो. म्हणजे वापर २१,००० किलो. एका कपाटाला ७० किलो पत्रा कापावा लागतो. त्यातला ६५ किलो कपाटात जातो आणि ५ किलो कातरण निघते. तीनशे कपाटांचा पत्रा १९,५०० किलो आणि कातरण १,५०० किलो, मिळून बरोबर २१,०००. अर्धवट सांगाडे सुरुवातीलाही २० होते आणि अखेरीसही २०च आहेत, म्हणून हा हिशोब इतका सरळ बसतो. समजा वापर २१,६०० किलो दिसला असता, तर ६०० किलो पत्रा कुठेतरी गेला आहे. वजनकाट्यावर चूक झाली असेल, चुकीच्या मापाने कापून फेकला गेला असेल किंवा चोरीला गेला असेल. नेहमीच्या कातरणीपलीकडचं असं नुकसान कॉस्ट शीटमध्ये घालायचं नाही. ते वेगळं काढून नफा-तोटा खात्यात न्यायचं. नाहीतर या महिन्यातल्या निष्काळजीपणाचे पैसे कपाटाच्या किमतीत मुरतात आणि कुणाच्या लक्षातही येत नाहीत.

पहिला टप्पा: प्राइम कॉस्ट

प्राइम कॉस्ट म्हणजे एखाद्या कपाटाकडे बोट दाखवून ‘हा खर्च याच्यावर झाला’ असं सांगता येईल असा खर्च. त्याचे तीन भाग: वापरलेला माल, थेट मजुरी आणि थेट खर्च.

माल ‘खरेदी केलेला’ नव्हे, ‘वापरलेला’ धरायचा. पत्र्याचा सुरुवातीचा साठा ७० रुपये दराने २,८०,००० रुपयांचा. त्यात या महिन्याची खरेदी १४,००,००० आणि ती कारखान्यापर्यंत आणायचं ट्रकभाडं व हमाली २०,००० मिळवायची. या भाड्यामुळे नवीन पत्रा किलोला ७१ रुपयांना पडला. जुना साठा आधी वापरला असं धरलं, तर अखेरचे ३,००० किलो नवीन खरेदीतले आहेत आणि त्यांची किंमत २,१३,००० होते. ती वजा केली की वापरलेला पत्रा १४,८७,००० रुपयांचा. कुलूप, हँडल, बिजागऱ्या आणि आरसा यांचे कपाटामागे ४५० रुपये, म्हणजे १,३५,०००. हे सुटे भाग लागतील तसे आणतात, म्हणून त्यांचा साठा धरलेला नाही. एकूण माल १६,२२,०००.

इथे जीएसटीचा प्रश्न हमखास येतो. पत्र्याच्या बिलावरच्या कराचं क्रेडिट तुम्हाला मिळत असेल, तर तो कर खर्च नाही, सरकारकडून येणं आहे. मग खरेदी करविरहित रकमेने धरायची. कारखाना कंपोझिशन योजनेत असेल तर क्रेडिट मिळत नाही. अशा वेळी भरलेला कर मालाच्या किमतीतच मिळवायचा. त्यामुळे एकाच दराने पत्रा घेणाऱ्या शेजारशेजारच्या दोन कारखान्यांची प्राइम कॉस्ट वेगळी निघू शकते, आणि दोन्ही बरोबर असतात.

मजुरी इथे नगावर आहे. कापणे, वाकवणे, जोडणे आणि शेवटची फिटिंग मिळून कपाटामागे ९०० रुपये, मालकाच्या वाट्याचा पीएफ आणि ईएसआय धरून. कॅशबुकात मात्र मजुरी २,६७,००० दिसते. त्यातले १२,००० मागच्या महिन्याच्या थकबाकीचे आहेत, ते वजा. या महिन्याचे १५,००० अजून द्यायचे आहेत, ते मिळवायचे. उत्तर २,७०,०००, म्हणजे तीनशे कपाटांचे नऊशेप्रमाणे बरोबर तेवढेच. पैसे कधी दिले याच्याशी कॉस्ट शीटला घेणंदेणं नाही. काम कोणत्या महिन्यात झालं, तेवढंच पाहायचं.

थेट खर्च हा भाग सर्वांत जास्त विसरला जातो. पावडर कोटिंगवाला कपाटामागे ७०० रुपये घेतो, म्हणजे २,१०,०००. हा माल नाही आणि आपल्या कामगारांची मजुरीही नाही, पण प्रत्येक कपाटावर सरळ बसणारा खर्च आहे. एखाद्या ऑर्डरसाठीच भाड्याने आणलेली डाय किंवा नगावर द्यायची रॉयल्टी असेल, तर तीही इथेच.

तिन्हींची बेरीज, म्हणजे प्राइम कॉस्ट, २१,०२,०००.

दुसरा टप्पा: फॅक्टरी कॉस्ट

आता शेडच्या आत होणारा, पण एखाद्या कपाटाकडे बोट दाखवून सांगता न येणारा खर्च. वेल्डिंगची वायर आणि गॅस २८,०००, मशीनची वीज ४४,०००, शेडचं भाडं ४५,०००, सुपरवायझरचा पगार ३५,०००, पत्रा उचलणाऱ्या व झाडलोट करणाऱ्या हेल्परांचे ३०,०००, मशीनचा घसारा ३०,०००, मशीन दुरुस्ती १८,०००, आणि विम्याचे ४,०००. बेरीज २,३४,०००.

वेल्डिंगची वायर खरं तर कपाटातच जाते, मग ती थेट माल का नाही? कारण एका कपाटात किती ग्रॅम वायर गेली हे मोजत बसण्याचा खर्च वायरीपेक्षा जास्त होईल. मोजणं परवडत नसेल तर तो खर्च अप्रत्यक्ष धरायचा, असा सरळ व्यवहार आहे. कापड शिवणाऱ्या कारखान्यात दोरा याच कारणाने इथे येतो. उलट, वेल्डिंग हाच ज्याचा मुख्य धंदा आहे, त्याने वायर नक्की मोजावी आणि वरच्या टप्प्यात घ्यावी.

विमा वर्षाचा ४८,००० भरलेला आहे. ज्या महिन्यात चेक गेला त्या महिन्याच्या शीटमध्ये पूर्ण ४८,००० घातले, तर कपाटामागे दीडशेच्या आसपास रुपये विनाकारण वाढलेले दिसतील आणि पुढचे अकरा महिने ते नाहीसे होतील. म्हणून बारावा हिस्सा. घसाराही वर्षाच्या ३,६०,००० चा बारावा हिस्सा धरला आहे. मशीनच्या कर्जाचा हप्ता इथे कुठेच येत नाही. हप्त्यातली मुद्दल म्हणजे कर्जफेड, व्याज म्हणजे भांडवल उभं करण्याचा खर्च. मशीन झिजल्याचा खर्च घसाऱ्यातून आधीच आला आहे. हप्ताही धरला तर एकाच मशीनचे पैसे दोनदा लागतील. लहान कारखान्यांच्या शीटमध्ये ही चूक मला सगळ्यात जास्त दिसते.

मग भंगार. १,५०० किलो कातरण ३६ रुपयांनी विकली, ५४,००० आले. कॉलेजच्या पुस्तकांत हे बहुतेक ठिकाणी फॅक्टरी खर्चातून वजा करतात, मीही इथे तसंच केलं आहे. काही कारखाने ते सरळ पत्र्याच्या किमतीतून वजा करतात. तसं केलं तर प्राइम कॉस्ट ५४,००० ने कमी दिसेल, फॅक्टरी कॉस्ट तीच राहील. काही नमुन्यांत ही वजाबाकी आणखी खाली, कॉस्ट ऑफ प्रॉडक्शन काढताना येते. परीक्षेत आपल्या विद्यापीठाची रीत पाळा. कारखान्यात कोणतीही एक धरा, पण दर महिन्याला बदलू नका, नाहीतर या महिन्याची प्राइम कॉस्ट मागच्या महिन्याशी ताडून पाहता येणार नाही.

भंगार वजा जाता फॅक्टरी खर्च १,८०,००० राहिला, कपाटामागे ६००. प्राइम कॉस्टमध्ये मिळवून २२,८२,०००. याला ग्रॉस फॅक्टरी कॉस्ट म्हणतात.

अजून एक पायरी आहे, आणि इथे सावकाश जायला हवं. महिनाअखेरीस शेडमध्ये २० सांगाडे उभे आहेत. कापून, वाकवून, जोडून झालेले. कोटिंगला अजून गेलेले नाहीत, कुलूप-आरसा बसलेला नाही. त्यांची किंमत कशी धरायची? जे त्यांच्यावर झालं आहे तेवढंच धरायचं. पत्रा पूर्ण कापला गेला आहे, म्हणून ७० किलोचे ७१ प्रमाणे ४,९७०. मजुरीचं दोन तृतीयांश काम झालं, म्हणून ९०० पैकी ६००. फॅक्टरी खर्चही त्याच प्रमाणात, ६०० पैकी ४००. कोटिंग शून्य, कुलूप शून्य. एका सांगाड्याचे ५,९७०, वीसांचे १,१९,४००.

‘अर्धवट आहेत, अर्धी किंमत धरा’ असं केलं असतं तर सांगाडा चार हजारांच्या आत बसला असता. पण यात महागडा पत्रा पूर्णच लागलेला आहे, अर्धवट राहिली आहे ती मजुरी. म्हणून अर्धवट माल मोजताना माल आणि मजुरी यांची टक्केवारी वेगवेगळी धरावी लागते. दोन तृतीयांश हा आकडा सुपरवायझरला शेजारी उभं करून, सांगाड्यांसमोर ठरवायचा. टेबलावर बसून ठरवला की तो प्रत्येक महिन्याला सोयीने बदलतो.

महिन्याच्या सुरुवातीच्या २० सांगाड्यांची किंमत मागच्या शीटवरून येते: १,१७,४००. ती मिळवायची आणि अखेरचे १,१९,४०० वजा करायचे. फॅक्टरी कॉस्ट २२,८०,०००. आता हा आकडा पूर्ण झालेल्या ३०० कपाटांचा आहे, म्हणून ३०० ने भागता येतो: ७,६०० रुपये. प्राइम कॉस्टला ३०० ने भागून मी वर काही लिहिलं नाही, त्याचं कारण हेच. त्या आकड्यात अर्धवट मालाचा हिशोब अजून मिटलेला नव्हता.

तिसरा टप्पा: कॉस्ट ऑफ प्रॉडक्शन

इथे ऑफिसचा खर्च येतो, आणि पुस्तकापुस्तकांत फरक पडतो तोही इथेच. या कारखान्याचा ऑफिस खर्च ९०,००० आहे: हिशोबनिसाचा पगार ५०,०००, ऑफिसचं भाडं १५,०००, फोन-स्टेशनरी १०,००० आणि ऑडिट फी १५,०००.

जुन्या पद्धतीत हे सगळे ९०,००० फॅक्टरी कॉस्टमध्ये मिळवतात आणि त्याला कॉस्ट ऑफ प्रॉडक्शन म्हणतात. अनेक विद्यापीठांच्या प्रश्नपत्रिका अजून याच पद्धतीने अपेक्षित उत्तर काढतात. नव्या मांडणीत ऑफिस खर्चाचे दोन भाग करतात. उत्पादनाशी संबंधित भाग इथे, आणि सर्वसाधारण भाग खाली, माल विकल्यानंतरच्या टप्प्यात. सीएच्या अभ्यासक्रमातला नमुना असाच आहे, आणि साठ्याच्या मूल्यांकनाचं लेखांकन मानक २ हेही त्याच दिशेचं आहे. ज्या ऑफिस खर्चामुळे माल आजच्या ठिकाणी आणि आजच्या स्थितीत आलेला नाही, तो शिल्लक मालाच्या किमतीत धरू नये असं ते सांगतं.

मला दुसरी पद्धत पटते. आपल्या हिशोबनिसाचा निम्मा वेळ पत्र्याच्या नोंदी, हजेरी आणि कोटिंगच्या चलनांत जातो. ते २५,००० उत्पादनाचे. त्या कामाला लागणाऱ्या जागेचे ६,००० आणि फोन-स्टेशनरीचे ५,०००. मिळून ३६,००० इथे मिळवले, उरलेले ५४,००० पुढे ठेवले. ऑडिट फी पूर्ण पुढेच, कारण ऑडिट झालं नाही म्हणून एकही कपाट अडत नाही.

कॉस्ट ऑफ प्रॉडक्शन २३,१६,०००, कपाटामागे ७,७२०. जुन्या पद्धतीने २३,७०,००० आणि ७,९०० आले असते. फरक कपाटामागे १८० रुपयांचा. शिल्लक ३० कपाटांवर तो ५,४०० होतो. तेवढा ऑफिस खर्च या महिन्याच्या नफ्यातून न जाता साठ्यात लपून पुढच्या महिन्यात गेला असता. दिवाळीच्या आधी दोनशे कपाटं साठवून ठेवणाऱ्या कारखान्यात हाच आकडा ३६,००० होतो, आणि मग प्रत्यक्षापेक्षा बरा महिना दिसतो.

पॅकिंगचं एक सांगून ठेवतो. ज्या पॅकिंगशिवाय माल तयार म्हणताच येत नाही, उदाहरणार्थ तेलाची बाटली किंवा बिस्किटाचा पुडा, ते कॉस्ट ऑफ प्रॉडक्शनमध्ये येतं. कपाट टेम्पोत ओरखडू नये म्हणून गुंडाळलेला पुठ्ठा आणि प्लॅस्टिक हा पोहोचवण्याचा खर्च आहे, तो पुढच्या टप्प्यात.

चौथा टप्पा: कॉस्ट ऑफ सेल्स

इथवरचा खर्च ३०० कपाटांचा होता. विकली मात्र ३१०. म्हणून विक्रीचा खर्च जोडण्याआधी तयार मालाचा साठा हाताळायचा. सुरुवातीच्या ४० कपाटांची किंमत मागच्या महिन्याच्या दराने, ७,६५० प्रमाणे, ३,०६,०००. ती मिळवायची. अखेरची ३० या महिन्यातली आहेत असं धरून ७,७२० प्रमाणे २,३१,६०० वजा. उरतात २३,९०,४००. ही विकलेल्या ३१० कपाटांची किंमत, म्हणजे कॉस्ट ऑफ गुड्स सोल्ड.

अखेरच्या साठ्याला ७,७२० हाच दर लावायचा. फॅक्टरी कॉस्टचा ७,६०० नाही आणि विक्रीची किंमत तर नाहीच. गोडाऊनमधल्या कपाटावर अजून ना दलाली गेली आहे ना टेम्पोभाडं. विक्रीच्या किमतीने धरलं, तर न विकलेल्या मालावरचा नफा आजच खिशात आला असं होतं.

त्यानंतर सर्वसाधारण ऑफिस खर्चाचे ५४,००० आणि विक्री-वितरणाचा खर्च. विक्रेत्यांची दलाली ३१० कपाटांवर २०० प्रमाणे ६२,०००, जाहिरात १६,८००, शोरूमचं भाडं २५,०००, पुठ्ठा-प्लॅस्टिक १२० प्रमाणे ३७,२००, आणि गिऱ्हाइकाच्या दारापर्यंतचं टेम्पोभाडं ३०० प्रमाणे ९३,०००. बेरीज २,३४,०००. लक्षात घ्या, दलाली, पुठ्ठा आणि टेम्पो हे सगळं ३१० नगांवर आहे, तर मजुरी आणि कोटिंग ३०० वर होतं. आणि भाड्याचे दोन प्रकार कधी एकत्र करू नका: पत्रा आत आणायचं भाडं मालाच्या किमतीत जातं, कपाट बाहेर न्यायचं भाडं इथे येतं. दोन्ही एकाच ‘वाहतूक’ खात्यात लिहायची सवय असेल, तर आधी ती खाती वेगळी करा. महिनाअखेरीला बिलं चाळून ती वेगळी काढणं फार त्रासाचं होतं.

कॉस्ट ऑफ सेल्स २६,७८,४००. ३१० ने भागून ८,६४०.

पूर्ण मांडणी अशी दिसेल:

| तपशील | रुपये | एकूण रुपये |
|---|---:|---:|
| पत्रा: सुरुवातीचा साठा | २,८०,००० | |
| मिळवा: खरेदी | १४,००,००० | |
| मिळवा: आत आणण्याचं भाडं व हमाली | २०,००० | |
| वजा: अखेरचा साठा | (२,१३,०००) | |
| वापरलेला पत्रा | | १४,८७,००० |
| कुलूप, हँडल, बिजागऱ्या, आरसा | | १,३५,००० |
| थेट मजुरी | | २,७०,००० |
| थेट खर्च: पावडर कोटिंग | | २,१०,००० |
| प्राइम कॉस्ट | | २१,०२,००० |
| फॅक्टरी खर्च | २,३४,००० | |
| वजा: भंगार विक्री | (५४,०००) | १,८०,००० |
| ग्रॉस फॅक्टरी कॉस्ट | | २२,८२,००० |
| मिळवा: सुरुवातीचा अर्धवट माल | | १,१७,४०० |
| वजा: अखेरचा अर्धवट माल | | (१,१९,४००) |
| फॅक्टरी कॉस्ट (३०० नग, प्रत्येकी ७,६००) | | २२,८०,००० |
| उत्पादनाशी संबंधित ऑफिस खर्च | | ३६,००० |
| कॉस्ट ऑफ प्रॉडक्शन (३०० नग, प्रत्येकी ७,७२०) | | २३,१६,००० |
| मिळवा: सुरुवातीचा तयार माल (४० नग) | | ३,०६,००० |
| वजा: अखेरचा तयार माल (३० नग) | | (२,३१,६००) |
| कॉस्ट ऑफ गुड्स सोल्ड (३१० नग) | | २३,९०,४०० |
| सर्वसाधारण ऑफिस खर्च | | ५४,००० |
| विक्री व वितरण खर्च | | २,३४,००० |
| कॉस्ट ऑफ सेल्स (३१० नग, प्रत्येकी ८,६४०) | | २६,७८,४०० |
| नफा | | ६,६९,६०० |
| विक्री (३१० नग, प्रत्येकी १०,८००) | | ३३,४८,००० |

नफा इथे विक्रीच्या २० टक्के धरला आहे. म्हणून ८,६४० ला ०.८० ने भागलं, १०,८०० आले. खर्चाच्या २० टक्के धरला असता तर किंमत १०,३६८ झाली असती. कपाटामागे ४३२ रुपयांचा फरक, महिन्याला १,३३,९२०. ‘वीस टक्के सुटले पाहिजेत’ असं म्हणताना ते कशाचे, हे आधी ठरवायला हवं. परीक्षेच्या प्रश्नातही ‘विक्रीवर’ की ‘खर्चावर’ हा एक शब्द वाचायचा राहिला की शेवटच्या दोन्ही ओळी जातात. गिऱ्हाइकाच्या बिलावर १०,८०० वर १८ टक्के जीएसटी लागून १२,७४४ होतील, पण तो कर आपला नव्हे, म्हणून विक्रीच्या ओळीत करविरहित रक्कमच लिहायची.

शीटच्या बाहेर काय ठेवायचं

कर्जावरचं व्याज, प्राप्तिकर, देणग्या, दंड, जुनं मशीन विकताना झालेला तोटा आणि मालकाने घरखर्चाला काढलेले पैसे या शीटमध्ये येत नाहीत. शेअर किंवा ठेवींवरचं उत्पन्नही नाही. मालकाने काढलेले पैसे त्याच्या भांडवल खात्यातून वजा होतात, बाकीचं बहुतेक नफा-तोटा खात्यात दिसतं. त्यामुळे शीटवरचा ६,६९,६०० चा नफा आणि हिशोबाच्या वह्यांतला नफा जुळणार नाही, आणि जुळू नयेच. दोघांतला फरक याच बाबींनी समजावता आला की शीट बरोबर आहे असं धरायला हरकत नाही. फरकातला काही भाग समजावता येत नसेल, तर बहुतेक वेळा अखेरच्या साठ्याचा दर दोन्हीकडे वेगळा लावलेला असतो. शोध तिथून सुरू करावा.

मालक स्वतः दिवसभर शेडमध्ये उभा राहून सुपरवायझरचं काम करत असेल आणि पगार घेत नसेल, तर दर ठरवण्यासाठीच्या शीटमध्ये त्या कामाचा बाजारातला पगार जरूर धरावा. वह्यांत तो लिहायचा नाही. पण दर काढताना तो सोडला, तर उद्या माणूस ठेवायची वेळ आल्यावर त्याच दरात कपाट परवडणार नाही.

७,६०० हा आकडा किती महिने वापरता येतो

शीट हातात आली की पुढच्या महिन्याचं कोटेशन त्याच दरावर द्यायचा मोह होतो. त्याआधी फॅक्टरी खर्चाची यादी पुन्हा पाहा. शेडचं भाडं, सुपरवायझर, हेल्पर, घसारा आणि विमा मिळून १,४४,००० आहेत, आणि कपाटं कितीही बनली तरी ते तेवढेच राहतात. ३०० कपाटांत ते प्रत्येकी ४८० पडले. पावसाळ्यात उत्पादन २०० वर आलं तर तेच ७२० पडतील. पत्र्याचा भाव एक पैसाही न वाढता फॅक्टरी कॉस्ट कपाटामागे २४० ने वाढेल. ऑफिसच्या खर्चाचंही तसंच होईल. म्हणून कोटेशनसाठी मी स्थिर खर्च, म्हणजे हे १,४४,००० आणि ऑफिसचे ९०,०००, वर्षातल्या सरासरी उत्पादनावर वाटतो आणि पत्रा त्या दिवसाच्या भावाने नव्याने धरतो. मजुरी आणि कोटिंगचे नगावरचे दर तसेच उचलता येतात.

पत्र्याचा भाव किलोला ३ रुपयांनी वाढला, तर एका कपाटाला ७० किलोप्रमाणे २१० रुपये वाढतात, ६५ किलोप्रमाणे १९५ नाहीत. कातरणीचे ५ किलोही वाढीव भावानेच विकत घेतलेले असतात, आणि भंगारवाला आपला ३६ चा दर लगेच वाढवून देईलच असं नाही. शासकीय शाळेच्या किंवा वसतिगृहाच्या निविदेत दर सहा महिने बांधून मागतात, तेव्हा कपाटामागे पत्रा ७० किलो धरला आहे की ६५, हे भरण्याआधी एकदा तपासून घ्यावं.